सोडून गेलेल्यांचा हिशेब

१९७०च्या दशकात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया नवी होती. पायातली शीर काढून ती हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला पर्यायी वाट म्हणून जोडली की रुग्णाच्या छातीतली कळ थांबते, हे सर्जन रोज पाहत होते. पण कळ थांबणे वेगळे आणि आयुष्य वाढणे वेगळे. शस्त्रक्रियेत स्वतःचा धोका होताच. म्हणून युरोपातल्या काही रुग्णालयांनी मिळून एक चाचणी हाती घेतली. ६५ वर्षांखालचे, अंजायनाचा त्रास असलेले, निदान दोन मुख्य रक्तवाहिन्या निम्म्याहून अधिक अरुंद झालेले ७६८ पुरुष त्यात घेतले. कोणावर शस्त्रक्रिया करायची आणि कोणाला फक्त औषधे द्यायची, हे ना डॉक्टरांनी ठरवले ना रुग्णांनी. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगावर सोपवले. अशा चाचणीला रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात. ३९५ जणांच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली, ३७३ जणांच्या वाट्याला औषधे.

पण चिठ्ठीत आले तसे सगळ्यांचे झाले नाही. कोणत्याही चाचणीत होत नाही. शस्त्रक्रियेच्या गटातल्या २६ जणांवर ती झालीच नाही. औषधांच्या गटातल्या ५० जणांची शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. दोन वर्षांनंतर मृत्यू मोजायची वेळ आली, तेव्हा साधा वाटणारा एक प्रश्न उभा राहिला. या ७६ जणांना धरायचे कुठे?

आधी मृत्यूंचे आकडे समोर ठेवू. औषधांचा गट मिळून औषधांवरच राहिलेले ३२३ जण होते, त्यातले २७ वारले. औषधांचा गट मिळूनही शस्त्रक्रिया झालेल्या ५० जणांपैकी २ वारले. शस्त्रक्रियेचा गट मिळाला आणि शस्त्रक्रिया झालीही असे ३६९ जण, त्यातले १५ वारले. आणि शस्त्रक्रियेचा गट मिळूनही ती न झालेल्या २६ जणांपैकी ६ वारले. एवढेच आकडे आहेत. पुढचे सगळे निष्कर्ष याच चार ओळींतून निघतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला मार्ग सर्वांत सरळ वाटतो. ज्याच्यावर जो उपचार झाला, त्याला त्या रकान्यात घाला. शस्त्रक्रिया झालेले एकूण ४१९, त्यातले १७ वारले, म्हणजे ४.१ टक्के. न झालेले ३४९, त्यातले ३३ वारले, म्हणजे ९.५ टक्के. शस्त्रक्रियेने मृत्यू निम्म्याहून कमी केले असे दिसते. दोन्ही उपचार प्रत्यक्षात सारखेच असते, तर एवढा फरक नुसत्या योगायोगाने हजारात तीनदाच दिसला असता.

दुसरा मार्ग जरा शिस्तीचा वाटतो. ज्यांनी ठरलेली वाट सोडली त्यांना हिशेबातूनच काढून टाका आणि नियम पाळणाऱ्यांची तुलना करा. मग शस्त्रक्रियेत ३६९ पैकी १५, म्हणजे ४.१ टक्के, आणि औषधांत ३२३ पैकी २७, म्हणजे ८.४ टक्के. पुन्हा शस्त्रक्रियेची बाजू भक्कम. योगायोगाची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी.

तिसरा मार्ग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चक्क चुकीचा वाटतो. पुढे काहीही घडलेले असो, चिठ्ठीने ज्याला ज्या गटात टाकले त्याच गटात तो शेवटपर्यंत मोजायचा. शस्त्रक्रिया न झालेले २६ जणही शस्त्रक्रियेच्याच गटात आणि शस्त्रक्रिया झालेले ५० जण औषधांच्याच गटात. मग शस्त्रक्रियेच्या गटात ३९५ पैकी २१ मृत्यू, म्हणजे ५.३ टक्के, आणि औषधांच्या गटात ३७३ पैकी २९, म्हणजे ७.८ टक्के. फरक उरला, पण एवढा फरक योगायोगानेही शंभरात सतरा वेळा दिसू शकतो. म्हणजे दोन वर्षांच्या या आकड्यांवरून शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते असे ठामपणे म्हणता येत नाही. या तिसऱ्या मार्गाला इंटेन्शन-टू-ट्रीट विश्लेषण म्हणतात. ज्यावर उपचार करण्याचे ठरले होते, त्यानुसार मोजणी. वैद्यकीय संशोधनात मुख्य निकाल याच पद्धतीने द्यावा, असा दंडक आज आहे.

ज्याच्यावर शस्त्रक्रिया झालीच नाही त्याचा मृत्यू शस्त्रक्रियेच्या नावावर टाकणे अन्यायाचे नाही का? हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तरासाठी त्या २६ जणांकडे नीट पाहावे लागते. त्यांच्यातले सहा वारले, म्हणजे २३ टक्के. बाकीच्या कोणत्याही गटात एवढे मृत्यू नाहीत. मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असताना ती होत नाही याची कारणे काय असतात? रुग्णाची प्रकृती इतकी ढासळते की सर्जन हात लावायला तयार होत नाही. कोणी ऐनवेळी नकार देतो. आणि शस्त्रक्रियेची तारीख उजाडण्याआधीच ज्याला मृत्यू गाठतो, त्याच्यावर ती कधीच होऊ शकत नाही. वाटेत गळणारी माणसे कशीही गळत नाहीत. पुष्कळदा ती सर्वांत जास्त आजारी असतात. पहिल्या मार्गाने त्यांचे सहा मृत्यू उचलून औषधांच्या माथी मारले. दुसऱ्याने ते गाळूनच टाकले. दोन्ही वेळा शस्त्रक्रियेचा गट त्याच्या सर्वांत नाजूक रुग्णांच्या ओझ्यातून मोकळा झाला, आणि औषधांच्या गटाला मात्र तशी सवलत मिळाली नाही. आपल्याकडे दहावीचा निकाल शंभर टक्के लावण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच शाळेतून काढून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात. निकाल खोटा नसतो, पण त्यावरून शिकवण्याची पारख होत नाही. इथे तेच घडते.

चिठ्ठी टाकण्याचे सगळे मोल एकाच गोष्टीत आहे. त्या क्षणी दोन्ही गट सारखे असतात. वय, रक्तदाब, धूम्रपान अशा मोजलेल्या गोष्टींत तर असतातच. पण ज्या कोणी मोजल्या नाहीत, ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, अशा गोष्टींतही योगायोगाच्या मर्यादेत सारखे असतात. त्यानंतर माणसे उचलून इकडेतिकडे ठेवली किंवा बाहेर काढली, की हे सारखेपण गेले. मग ती चाचणी उरत नाही. दवाखान्याच्या जुन्या कागदपत्रांवरून काढलेल्या अंदाजाइतकीच तिची किंमत राहते.

या युरोपीय चाचणीची पुढची गोष्टही सांगायला हवी. तीच माणसे, त्याच गटांत, पाच वर्षे पाहिल्यावर १९८२ साली आलेल्या निकालात शस्त्रक्रियेच्या गटातले ९२.४ टक्के आणि औषधांच्या गटातले ८३.१ टक्के पुरुष जिवंत होते. ही मोजणीही चिठ्ठीप्रमाणेच होती, आणि आता फरक योगायोगाच्या पलीकडचा होता. म्हणजे शस्त्रक्रियेची बाजू अखेर खरी ठरली. यावर कोणी म्हणेल, की मग पहिल्या दोन मार्गांनी तीन वर्षे आधीच खरे उत्तर दिले होते, तिसऱ्याने उगाच अडवून धरले. हा युक्तिवाद मला मान्य नाही. उपचार खरोखर उपयोगी असेल तेव्हा वाकडा मार्गही बरोबर ठिकाणी नेऊन सोडू शकतो. उपचार निरुपयोगी असेल तेव्हा तोच मार्ग कुठे नेतो, हे पाहायला हवे. त्याची साक्ष अमेरिकेतल्या एका चाचणीने दिली, आणि इतकी स्वच्छ साक्ष वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

त्या चाचणीचे नाव कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट. १९६६ पासून सुरू झालेल्या या कामात, एकदा हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या हजारो पुरुषांना कोलेस्टेरॉल कमी करणारी वेगवेगळी औषधे दिली होती. त्यातले एक क्लोफायब्रेट. ते ११०३ जणांच्या वाट्याला आले. २७८९ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली कॅप्सूल मिळाली. पाच वर्षांत क्लोफायब्रेटच्या गटात २०.० टक्के वारले आणि प्लासिबोच्या गटात २०.९ टक्के. औषधाचा आयुष्यावर काही परिणाम दिसला नाही.

मग प्रश्न आला तो नेहमीचाच. सगळ्यांनी औषध नीट घेतले कुठे? ज्यांनी घेतलेच नाही त्यांना मोजून औषधाची परीक्षा कशी होणार? संशोधकांनी मग औषध किती घेतले गेले हे तपासून, सांगितलेल्यापैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त कॅप्सूल घेणारे आणि त्याहून कमी घेणारे असे दोन भाग केले. नियमाने क्लोफायब्रेट घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५.० टक्के निघाले. टाळाटाळ करणाऱ्यांत २४.६ टक्के. चाचणी इथेच थांबली असती, तर औषध नीट घेतले तर ते जीव वाचवते असा निष्कर्ष कोणीही काढला असता, आणि तो निष्कर्ष घेऊन औषध लक्षावधी घरांत गेले असते.

त्यांनी तीच विभागणी प्लासिबोच्या गटातही केली. नियमाने प्लासिबो घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के. टाळाटाळ करणाऱ्यांत २८.२ टक्के.

औषध नसलेली कॅप्सूल नियमाने घेतली म्हणून कोणी वाचत नाही. वाचली ती माणसे मुळातच वेगळी होती. जो पाच वर्षे न चुकता सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घेतो, तो बहुधा जेवणही सांभाळतो, तपासणीला वेळेवर जातो, त्याच्या घरी आठवण करून देणारे कोणी असते, आणि मुख्य म्हणजे गोळ्या गिळणेही नको वाटावे इतका तो खंगलेला नसतो. संशोधकांनी सुरुवातीला नोंदवलेल्या ४० बाबींचा हिशेब करून हा फरक पुसण्याचा प्रयत्न केला. वय, आधीचे झटके, हृदयाची स्थिती, सगळे लक्षात घेतले. तरीही प्लासिबोच्या गटात १६.४ विरुद्ध २५.८ टक्के असा फरक उरलाच. हा निबंध १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अलीकडच्या काळात त्याच जुन्या आकड्यांवर नव्या पद्धती लावल्या गेल्या. सुरुवातीच्या नोंदींबरोबरच दर भेटीला प्रकृती कशी बदलत गेली आणि त्यामुळे कोणी कॅप्सूल घेणे सोडले, हेही जमेस धरले, तेव्हा तो फरक पुष्कळ खाली आला. म्हणजे उत्तर अगदी हाताबाहेरचे नव्हते. पण त्याला किती बारीक नोंदी आणि किती गृहीतके लागतात, हेही त्यातून कळते.

नियम पाळणाऱ्यांचीच तुलना करण्याचा मोह एवढा मोठा का असतो, हे मी समजू शकतो. आजारी माणसाला हवे असते ते वेगळेच उत्तर. मी औषध नीट घेतले तर मला काय मिळेल, हा त्याचा प्रश्न. चिठ्ठीप्रमाणे केलेली मोजणी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. हे औषध लिहून दिले, हा उपचार देऊ केला, तर ज्यांना तो देऊ केला त्या सगळ्यांचे मिळून काय होते? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावाने खपवले की घोटाळा होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कळायला आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेली एक मोठी चाचणी पुरेशी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, हे पाहण्यासाठी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. इथे चिठ्ठी बाईगणिक टाकली नव्हती. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी केली होती. एका गटात एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था. तपासणी देऊ केली तरी सगळ्या जणी आल्या नाहीत. साधारण पाचांतली एक आली नाही. शेत, घर, संकोच, सासरची परवानगी, कारणे कोणालाही सुचतील. पण निकालात त्या न आलेल्या स्त्रियाही आपापल्या गावाच्या गटातच मोजल्या गेल्या. २००९ साली निकाल आला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या ३१ हजारांहून अधिक स्त्रियांत या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, तर एचपीव्ही गटातल्या ३४ हजारांहून अधिक स्त्रियांत ३४. न येणाऱ्या जणींचे मृत्यू जमेस धरूनही फरक निम्म्याच्या आसपास. बाकीच्या दोन पद्धतींत मृत्यू ठामपणे घटल्याचे दिसले नाही. सरकारला किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला हवा तो आकडा हाच आहे, कारण तोही जेव्हा गावात तपासणी नेईल, तेव्हा सगळ्या जणी येणार नाहीतच. आलेल्यांचेच आकडे मोजले असते, तर तपासणीला येणारी बाई मुळातच अधिक काळजी घेणारी होती की काय, ही शंका कायमची मागे लागली असती.

उलट बाजूही आहे. २०२२ साली पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी लोकांना कोलोनोस्कोपी तपासणीचे निमंत्रण दिले होते. निमंत्रितांपैकी जेमतेम ४२ टक्के लोक आले. दहा वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण निमंत्रितांत ०.९८ टक्के आणि इतरांत १.२० टक्के निघाले, म्हणजे धोका १८ टक्क्यांनी कमी. अनेकांना हा फायदा फारच तोकडा वाटला, आणि कोलोनोस्कोपीचा उपयोग नाही अशा आशयाची चर्चा झाली. पण ते उत्तर निमंत्रणपत्राविषयीचे होते. प्रत्यक्ष तपासणी करून घेण्याचा परिणाम अंदाजण्यासाठी संशोधकांनी वेगळे गणित केले, तेव्हा धोक्यातली घट ३१ टक्क्यांच्या आसपास निघाली. निम्म्याहून अधिक लोक आलेच नाहीत, तर चिठ्ठीप्रमाणे केलेली मोजणी उपचाराचा खरा परिणाम पातळ करते. ही तिची ठळक मर्यादा आहे. दुष्परिणाम शोधताना, किंवा नवे औषध जुन्यापेक्षा वाईट नाही एवढेच सिद्ध करायचे असताना, हा पातळपणा धोक्याचा ठरतो. दोन्ही गटांतल्या लोकांनी औषध सोडून दिले, तर कोणतीही दोन औषधे सारखीच दिसतील. म्हणून तशा चाचण्यांत दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी ठेवून पाहतात.

आतापर्यंत ज्यांची वाट बदलली पण शेवट ठाऊक होता, अशांबद्दल बोललो. त्याहून अवघड आहेत ते हाताबाहेर गेलेले. पत्ता बदलला, फोन लागत नाही, किंवा मला आता यात राहायचे नाही असे सांगून निघून गेले. त्यांना कोणत्या गटात मोजायचे हे ठाऊक आहे, पण काय मोजायचे हेच ठाऊक नाही. इथे संशोधकाला रिकाम्या जागी काहीतरी मानून घ्यावे लागते, आणि काय मानले यावर निकाल फिरू शकतो.

धूम्रपान सोडवण्याच्या चाचण्यांत सरळ रिवाज आहे. जो शेवटी भेटला नाही तो धूम्रपान करतोच आहे, असे धरतात. ते कडक आहे, पण सुटलेला माणूस बहुधा अभिमानाने सांगायला येतो, म्हणून बऱ्यापैकी योग्यही आहे. दुसरा एक रिवाज अनेक वर्षे सर्रास चालला. रुग्ण गेला, तर त्याची शेवटची नोंद पुढे ओढायची आणि अखेरची नोंद म्हणून वापरायची. वरवर पाहता यात सावधपणा दिसतो. तब्येत सुधारली असेही मानले नाही, बिघडली असेही नाही.

हा सावधपणा किती फसवा आहे हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अल्झायमरसारखा आजार हळूहळू वाढतच जातो. समजा, उपचार नसेल तर स्मृतीच्या चाचणीत वर्षाला सरासरी ६ गुणांची घसरण होते. आता असे औषध घ्या ज्याचा आजारावर काहीच परिणाम नाही, पण त्याने मळमळ होते. प्लासिबोच्या गटातले सगळे वर्षभर टिकले, त्यांची घसरण ६ गुण. औषधाच्या गटातले निम्मे लोक मळमळीला कंटाळून तीन महिन्यांतच निघून गेले. तोवर त्यांची घसरण झाली होती दीड गुण. तोच दीड गुण वर्षअखेरचा म्हणून लिहिला. उरलेले निम्मे वर्षभर टिकले, त्यांची घसरण इतरांसारखीच ६ गुण. औषधाच्या गटाची सरासरी आली पावणेचार. निकालपत्रात दिसेल की औषधाने घसरण सव्वादोन गुणांनी रोखली. काहीही न करणारे औषध, केवळ त्याने लोकांना पळवून लावले म्हणून, गुणकारी ठरले. शिवाय या निबंधात इंटेन्शन-टू-ट्रीट हे शब्द निर्धास्तपणे छापता येतील, कारण चिठ्ठी टाकलेला प्रत्येक माणूस आपल्या गटात मोजला आहे.

आज या रिवाजाला जाणकार थारा देत नाहीत. त्याऐवजी रिकाम्या जागा भरण्याच्या चांगल्या पद्धती आहेत. त्या माणसासारख्याच वयाचे, तशाच आधीच्या नोंदी असलेले पण टिकून राहिलेले लोक पाहून त्याची नोंद काय असती याचा अंदाज करायचा. तोही एकदा नव्हे, तर अनेकदा, थोड्या थोड्या फरकाने, म्हणजे अंदाजातली अनिश्चितताही निकालात उतरते. पण याही पद्धती एका गृहीतकावर उभ्या आहेत. गेलेला माणूस, आपल्याला जे ठाऊक आहे ते जमेस धरल्यावर, राहिलेल्यासारखाच आहे हे ते गृहीतक. आणि ते खरे की खोटे हे हातातल्या आकड्यांतून कधीच कळत नाही, कारण कळण्यासाठी लागणारे आकडेच हरवलेले असतात. म्हणून प्रामाणिक संशोधक उलटा प्रश्न विचारतात. गेलेल्यांची स्थिती किती वाईट मानली तर आपला निष्कर्ष कोसळेल? ती कल्पना अशक्यप्राय वाटली तर निष्कर्ष पक्का. सहज घडण्यासारखी वाटली तर कच्चा.

हा प्रश्न एका प्रसिद्ध चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकांसमोर, म्हणजे एफडीएसमोर, फार महागात पडला. रिव्हारॉक्सॅबॅन हे रक्त पातळ ठेवणारे औषध. हृदयविकाराच्या झटक्यातून नुकत्याच सावरलेल्या रुग्णांना ते कमी मात्रेत द्यावे का, हे पाहण्यासाठी १५,५२६ जणांची चाचणी झाली आणि २०११ साली तिचा निकाल आला. सर्वांत कमी मात्रेच्या गटात कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू २.९ टक्के, प्लासिबोच्या गटात ४.५ टक्के. माणसांत बोलायचे तर सुमारे पन्नास मृत्यूंचा फरक. मृत्यूच कमी झाले यापेक्षा मोठी बाब कोणती? पण एफडीएच्या परीक्षकांनी वेगळाच आकडा शोधला. चाचणीतून मध्येच निघून गेलेले आणि शेवटी जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नसलेले लोक तिन्ही गटांत मिळून हजाराहून अधिक होते. ज्या फायद्याचा दावा आहे तो पन्नास जणांचा, आणि ज्यांच्याबद्दल काही माहीत नाही ते हजार. त्यातून निबंधातली मुख्य मोजणी सुधारित इंटेन्शन-टू-ट्रीट या नावाची होती. औषध बंद केल्यावर ३० दिवसांनंतर घडलेल्या घटना तिच्यात धरल्या नव्हत्या. या औषधाने रक्तस्राव वाढतो. रक्तस्राव झालेला माणूस औषध सोडतो. आणि तो माणूस दोन महिन्यांनी वारला, तर या मोजणीत त्याचा मृत्यू दिसत नाही.

कंपनीने नंतर हरवलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांचा शोध घेतला. तरीही एफडीएने या वापरासाठी २०१२ ते २०१४ या काळात तीनदा परवानगी नाकारली. त्याच चाचणीच्या आधारावर युरोपने मात्र २०१३ साली परवानगी दिली. औषध तेच, रुग्ण तेच, चिठ्ठ्याही त्याच. गेलेल्यांबद्दल काय मानून घ्यायचे यावरच दोन नियामकांचे एकमत झाले नाही. माझ्या मते अमेरिकेचा संशय रास्त होता. त्या औषधात दोष होता असे मी म्हणत नाही. दोष नव्हता हे सांगण्याची सोय चाचणीने ठेवली नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

वर्तमानपत्रात एखाद्या औषधाची बातमी वाचून मूळ निबंधापर्यंत जाणाऱ्या वाचकाला यातले बरेचसे स्वतः तपासता येते. चांगल्या निबंधात सुरुवातीलाच एक आराखडा असतो. वर चिठ्ठी टाकलेल्यांची संख्या, खाली दोन फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर किती जण गेले, कशामुळे गेले, शेवटी किती मोजले. वरचा आकडा आणि निकालाच्या तक्त्यातला आकडा एकच आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर मधले लोक दोन्ही गटांतून सारख्याच संख्येने आणि सारख्याच कारणांनी गेले का, हे पाहावे. एका गटातून दुष्परिणामांमुळे आणि दुसऱ्यातून उपयोग नाही म्हणून लोक गेले असतील, तर दोन्हीकडची संख्या सारखी असूनही उरलेले गट सारखे नसतात. मग हरवलेल्यांची संख्या दोन गटांतल्या फरकाशी ताडून पाहावी. फरक वीस जणांचा आणि हरवलेले दोनशे असतील, तर टक्केवारी कितीही देखणी असली तरी थांबावे. आणि इंटेन्शन-टू-ट्रीटच्या आधी सुधारित असा शब्द दिसला, तर सुधारणा नेमकी कोणती हे शोधावे. कधी ती निरुपद्रवी असते, उदाहरणार्थ चिठ्ठी टाकल्यावर लगेच लक्षात आले की दोन जणांना तो आजारच नव्हता. कधी मात्र तीच निकाल फिरवते.

हे सगळे गणित नंतरचे. २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने हरवलेल्या नोंदींवर एक मोठा अहवाल काढला. त्याचा मुख्य भर गणितावर नव्हता. माणसे हरवूच नयेत अशी चाचणी आखण्यावर होता. भेटी कमी आणि सोयीच्या ठेवा, दूरचे नातेवाईक आणि शेजारी यांचे फोन नंबर आधीच घेऊन ठेवा, आणि औषध बंद करणे व चाचणीतून बाहेर पडणे या दोन गोष्टी रुग्णाला वेगवेगळ्या समजावून सांगा. पुष्कळ चाचण्यांत रुग्ण गोळी नको म्हणाला की त्याचे नावच मिटवले जाते, जणू गोळीबरोबर तोही संपला. खरे तर बहुतेकांना नको असते ती गोळी, किंवा दर महिन्याची ती लांबची खेप. वर्षाअखेर एक फोन करून तुम्ही कसे आहात एवढे विचारायला त्यांची हरकत नसते. म्हणून आता काही चाचण्यांच्या संमतीपत्रात हे पर्याय वेगळे छापतात. औषध थांबवतो पण भेटीला येईन. भेटीला येणार नाही पण फोनवर माहिती देईन. फोनही नको, पण माझ्या डॉक्टरांकडून किंवा मृत्युनोंदीतून माझी स्थिती जाणून घेतली तरी चालेल. रुग्णाला यापैकी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. पण तीन प्रश्न तीन वेळा विचारले, तर तिन्हींना नाही म्हणणारे फार थोडे निघतात.